दांडिया बाजारच्या बोळातला मायक्रोपाइल: पार्श्वभूमी

बडोद्यात दांडिया बाजारच्या आतल्या बोळांत जमिनीत खोल खांब, म्हणजे पाइल, घालणारी मोठी रिग वळतच नाही. शेजारचा वाडा पाडून तिथे तळघर खणायला घेतलं, की जुन्या भिंतीचा उथळ पाया उघडा पडतो आणि भिंतीवर तिरक्या भेगा उमटतात. अशा वेळी स्क्रू पाइल सुचवला जातो किंवा मायक्रोपाइल.

स्क्रू पाइल, म्हणजे टोकाला स्क्रूसारखं पातं असलेला लोखंडी खांब, जुना. दृष्टिहीन आयरिश अभियंता अलेक्झांडर मिचेल यांनी १८३३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. १८३८ मध्ये टेम्सच्या मुखाशी मॅपलिन सँड्सच्या दीपगृहासाठी असे पाइल वाळूत फिरवून बसवले गेले. बडोद्यात रेल्वे आणणाऱ्या बी. बी. अँड सी. आय., म्हणजे बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेनेही भरूचला नर्मदेवरचा पहिला पूल स्क्रू पाइलवरच उभारला होता. पुरांत तो वारंवार मोडला आणि १८८१ मध्ये त्याच्या जागी गोल्डन ब्रिज आला. पाण्याने तळ खरवडला की पात्यावरची माती जाते आणि पाइलचा आधारच सुटतो.

आज हा पाइल छोट्या मशीनवरची हायड्रॉलिक मोटर फिरवते आणि फिरवायला लागलेल्या जोरावरून, म्हणजे टॉर्कवरून, त्याची क्षमता काढतात. गावाबाहेरच्या हलक्या शेडला तो उत्तम. जुन्या वस्तीत मात्र खाली विटामातीचा भराव असतो. पातं विटेवर अडलं तरी टॉर्क चढतो आणि घट्ट माती लागली असं वाटतं. म्हणून वाड्याखाली मी तरी तो सुचवणार नाही.

मायक्रोपाइलचा जन्मच अशा घरांसाठी झाला. महायुद्धात खिळखिळ्या झालेल्या इटलीतल्या जुन्या इमारती सावरण्यासाठी फर्नांडो लिझी यांनी १९५२ च्या सुमारास तो विकसित केला. पोलाद महाग होतं, मजुरी स्वस्त. म्हणून बारीक भोक, मधोमध एक सळई आणि भोवती दाबाने भरलेला ग्राउट, म्हणजे सिमेंटचं पातळ मिश्रण.

समजा, भिंतीचा भार मीटरला ६० किलोन्यूटन आहे. दर दीड मीटरला एक पाइल दिला तर त्याच्या वाट्याला ९० येतात. १५० मिमी व्यासाचा, मातीत १० मीटर धरलेला पाइल घेऊ. मातीची पकड चौरस मीटरला ५० किलोन्यूटन धरली, तर तो २३५ च्या आसपास पेलतो. सुरक्षेसाठी अडीचने भागल्यावर ९४ उरतात. गणित जेमतेम बसतं, म्हणून आधी एका पाइलवर लोड टेस्ट हवीच.

त्या भोकात साधारण १७७ लिटर ग्राउट मावतो. दाबामुळे थोडा जास्त लागणारच. पण दुप्पट ओतूनही तो वर येत नसेल, तर खाली बुजवलेली विहीर किंवा शोषखड्डा असण्याची शक्यता आहे. आणि १२० लिटरमध्येच भोक भरलं, तर भोक ढासळू नये म्हणून घातलेला पाइप, म्हणजे केसिंग, काढताना माती आत ढासळली आणि पाइल मध्येच बारीक झाला असं समजावं. असा पाइल सोडून बाजूला नवा घ्यावा. त्यासाठी प्रत्येक पाइलला किती ग्राउट गेला, हे साइटवरच्या वहीत त्याच वेळी लिहिलेलं असायला हवं.