जायरेटर: ऑप-ॲम्प आणि कपॅसिटरमधून बनवलेला इंडक्टर

जायरेटर म्हणजे असं सर्किट की ज्याच्या एका बाजूला कपॅसिटर लावला तर दुसऱ्या बाजूने पाहणाऱ्याला तो इंडक्टर वाटतो. ऑडिओच्या फ्रिक्वेन्सीला लागणारा १ हेन्रीचा इंडक्टर खऱ्या तारेतून करायचा तर लोखंडी कोअर आणि शेकडो-हजारो वेढे लागतात, शिवाय असा कॉइल जवळच्या ट्रान्सफॉर्मरचा ५० हर्ट्झचा हमही पकडतो. नागपुरात सीताबर्डीच्या दुकानात टीएल०७२ आणि १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर मागितला की लगेच मिळतो, १ हेन्रीचा कॉइल मात्र बहुतेक वेळा गुंडाळूनच घ्यावा लागतो, आणि म्हणूनच फिल्टर बनवणारे या सर्किटकडे वळतात.

मूळ कल्पना कोणाची यावर फारसा वाद नाही. फिलिप्सचे डच इंजिनिअर टेलेगन यांनी १९४८ साली जायरेटर हा नेटवर्कचा नवा घटक म्हणून मांडला: एका पोर्टचं व्होल्टेज दुसऱ्या पोर्टच्या करंटच्या प्रमाणात, म्हणजे `v1 = -R·i2` आणि `v2 = R·i1`. यातूनच `L = R²C` निघतं. हा आदर्श घटक पॅसिव्ह आणि बिनतोट्याचा होता, फक्त रेसिप्रोकल नव्हता. १९५२ मध्ये बेल लॅब्जच्या होगन यांनी फेराइट वापरून मायक्रोवेव्हसाठी जायरेटर दाखवला, पण ऑडिओला त्याचा उपयोग नव्हता. इंडक्टर काढूनच टाकायचा हा विचार साधारण १९६६ च्या सुमाराला जोर धरतो. त्या वर्षी ऑर्चर्ड यांनी मुद्दा मांडला की एलसी लॅडर फिल्टर घटकांच्या किमतीतल्या चुकांना फार कमी दाद देतो, तेव्हा तो लॅडर तसाच ठेवून त्यातला फक्त एल बदलावा.

दोन ऑप-ॲम्पच्या सर्किटचं श्रेय कोणाला, इथे मात्र मतं वेगळी होतात. रिओर्डन यांनी १९६७ मध्ये डिफरन्शियल ॲम्प्लिफायर वापरून कृत्रिम इंडक्टर दिला, आणि आज बहुतेक पाठ्यपुस्तकात जे सर्किट छापलेलं असतं ते १९६९ च्या अँटोनिऊ यांच्या नावाने चालतं. काही जण दोन्हींना एकच मानतात. पण अँटोनिऊंचं रूप जास्त सर्वसाधारण आहे, कारण त्यात पाचही जागी कुठलाही घटक बसवता येतो, त्यामुळे ते नाव वेगळं ठेवणंच जास्त पटतं. काटेकोर बोलायचं तर हा इम्पिडन्स कन्व्हर्टर आहे, जायरेटर हे त्याचं एक रूप, पण लॅबमध्ये सगळे त्याला जायरेटरच म्हणतात आणि या नोंदीतही तसंच म्हटलंय.

रचना अशी: इनपुटपासून ग्राउंडपर्यंत Z1, Z2, Z3, Z4, Z5 अशी पाच घटकांची साखळी. इनपुट नोड a, मग पुढचे b, c, d, e, आणि Z5 चं दुसरं टोक ग्राउंडला. पहिल्या ऑप-ॲम्पचं प्लस a ला, दुसऱ्याचं प्लस e ला, दोघांचेही मायनस c ला. आउटपुट उलटसुलट जातात, पहिल्याचं d ला आणि दुसऱ्याचं b ला. जोडताना सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

आता इनपुटला V लावा. ऑप-ॲम्प आपले दोन्ही इनपुट सारखे ठेवतात, म्हणून a, c आणि e तिघांवरही V. मग Z5 मधून `V/Z5` इतका करंट जातो आणि ऑप-ॲम्पच्या प्लसमध्ये करंट शिरत नाही, म्हणजे तोच करंट Z4 मधून येतो. d चं व्होल्टेज `V(1 + Z4/Z5)` झालं. d आणि c मधला फरक `V·Z4/Z5`, तो Z3 ने भागला की Z3 मधला करंट, आणि तोच पुढे Z2 मधून b कडे जातो. म्हणून b वर `V(1 - Z2·Z4/(Z3·Z5))`. शेवटी इनपुटमधून Z1 कडे जाणारा करंट a आणि b च्या फरकावरून निघतो:

```
Zin = Z1·Z3·Z5 / (Z2·Z4)
```

Z4 च्या जागी कपॅसिटर ठेवला, `Z4 = 1/(sC)`, बाकी सगळे रेझिस्टर, तर s वर जातो आणि `Zin = s·C·R1·R3·R5/R2`. म्हणजेच:

```
L = C·R1·R3·R5 / R2
```

चारही रेझिस्टर १० किलोओहम आणि C १० नॅनोफॅरड घेतला तर L = १ हेन्री. इनपुटला समांतर आणखी एक १० नॅनोफॅरड लावला की `f = 1/(2π√(LC))` प्रमाणे सुमारे १५९२ हर्ट्झला रेझोनन्स येतो. तिथे ωL पण १० किलोओहम.

मोजायचं कसं तर जनरेटरमधून १०० किलोओहमच्या रेझिस्टरने सिग्नल द्यायचा आणि नोड a वर शिखर शोधायचं. प्रोब १० पट वाला घ्या, साध्या १ मेगाओहमच्या प्रोबने शिखर एकट्यानेच १ व्होल्टचं ०.९१ व्होल्ट होतं आणि दोष बिचाऱ्या सर्किटवर जातो. समजा १५६० हर्ट्झला शिखर मिळालं, तर बाहेरचा कपॅसिटर नक्की १० नॅनोफॅरड असेल तर L = `1/(4π²f²C)`, म्हणजे सुमारे १.०४ हेन्री. आणि १ व्होल्ट दिल्यावर शिखरावर ०.८ व्होल्टच आला तर समांतर तोटा ४०० किलोओहमचा आहे, म्हणजे इंडक्टरचा क्यू ४०. शिखर दिलेल्या सिग्नलपेक्षाही वर गेलं तर आनंद करू नका, तिथे ऑप-ॲम्पच्या फेजमुळे निगेटिव्ह रेझिस्टन्स तयार झालाय, आणि तो वाढला तर जनरेटर काढल्यावरही सर्किट स्वतःच वाजत राहतं.

मर्यादेत पहिली गोष्ट म्हणजे ऑप-ॲम्पचं आउटपुट. रेझोनन्सला Z4 चं मान R5 एवढंच असतं, म्हणून d आणि b वर इनपुटच्या १.४१ पट व्होल्टेज येतं. पण फ्रिक्वेन्सी दहा पट खाली, १५९ हर्ट्झला नेली की Z4 दहा पट मोठा होतो आणि d वरचं व्होल्टेज इनपुटच्या दहा पट. ±१२ व्होल्टच्या सप्लायवर आउटपुट साधारण १०.५ व्होल्टपर्यंत जातं असं धरलं, तर इनपुटला १ व्होल्टच्या आसपासच क्लिपिंग सुरू होईल. इनपुटवर सगळं ठीक दिसत असताना वेव्हफॉर्म वाकडा येत असेल तर आधी d वर प्रोब लावून बघा.

दुसरी गोष्ट तापमान. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशाला जातो, २५ अंशाला जुळवलेलं सर्किट तेव्हा २० अंश गरम असतं. पॉलिप्रोपिलीन कपॅसिटर अंशाला साधारण २०० पीपीएम कमी होतो, म्हणजे दोन्ही कपॅसिटर ०.४ टक्क्यांनी घटतात आणि फ्रिक्वेन्सीही ०.४ टक्क्यांनी, म्हणजे सहा-सात हर्ट्झ वर सरकते. एक्स७आर सिरॅमिक मात्र आपल्या पूर्ण तापमान पट्ट्यात १५ टक्क्यांपर्यंत हलू शकतो, तो इथे नकोच.

एका ऑप-ॲम्पचा स्वस्त प्रकारही इक्वलायझरमध्ये दिसतो, त्यात `L ≈ RL·R·C` पण मालिकेत RL तोटा कायमचा. RL ४७० ओहम आणि R १०० किलोओहम असेल तर कितीही केलं तरी क्यू ७ च्या थोडा वरच थांबतो.

अँटोनिऊंच्या सर्किटचं एक टोक ग्राउंडलाच असतं, मालिकेत बसवायचा तरंगता इंडक्टर हवा असेल तर अशी दोन सर्किटं पाठीला पाठ लावून जोडावी लागतात. आणि करंट अचानक तोडल्यावर खरा कॉइल जसा सप्लायपेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज देतो तसं इथे होत नाही, ऑप-ॲम्प सप्लायच्या पलीकडे जाऊच शकत नाही, त्यामुळे बूस्ट कन्व्हर्टरमध्ये याचा उपयोग नाही.