सारखी पातळी आणि सारखी चाल

यवतमाळ जिल्ह्यातील काही कोरडवाहू गावांत शेततळी झाली आणि शेजारच्या गावांत झाली नाहीत, असे समजू. शेततळ्यांमुळे कापसाचे उत्पादन किती वाढले हे काढण्यासाठी ‘डिफरन्स-इन-डिफरन्सेस’, म्हणजे फरकांतला फरक काढण्याची पद्धत वापरता येते. त्यावर हमखास येणारा आक्षेप असा की तुलनेची गावे मुळातच वेगळी होती. या आक्षेपात बहुधा पातळी, म्हणजे उत्पादन किती आहे, आणि चाल, म्हणजे ते काळानुसार कसे बदलते, यांची गल्लत झालेली असते.

समजण्यापुरते आकडे घेऊ. शेततळ्यांच्या गावांत एकरी उत्पादन ५ क्विंटलवरून ७ वर गेले आणि तुलनेच्या गावांत ७ वरून ८ वर. नुसते नंतरचे आकडे पाहिले तर शेततळ्यांची गावे अजून १ क्विंटलने मागेच आहेत. नुसते त्यांचेच आधीचे व नंतरचे आकडे पाहिले तर लाभ २ क्विंटलांचा दिसतो. परंतु चांगल्या पावसाने तुलनेच्या गावांतही १ क्विंटल वाढलाच, म्हणून शेततळ्यांच्या वाट्याला १ क्विंटल उरतो. रिग्रेशनमध्ये हेच असे मांडतात:

```
y = a + b*T + c*P + d*(T*P)
```

येथे y म्हणजे एकरी उत्पादन; शेततळ्यांच्या गावांसाठी T आणि नंतरच्या हंगामासाठी P यांची किंमत १, एरवी शून्य. मग a = ७, b = −२, c = १ आणि d = १ येतात. हवा असलेला परिणाम d आहे. दोन गटांतील मूळचे २ क्विंटलांचे अंतर b मध्ये जमा होते आणि d ला धक्का लावत नाही. म्हणजे पातळी वेगळी असणे हा दोष नव्हेच.

चाल वेगळी असेल तर मात्र सगळा हिशेब बिघडतो. गृहीतक असे असते की शेततळी झाली नसती, तर दोन्ही गटांत सारखीच वाढ किंवा घट झाली असती. आता त्याआधीच्या हंगामात शेततळ्यांच्या गावांत ४ आणि तुलनेच्या गावांत ७ क्विंटल उत्पादन होते असे कळले, तर अंतर ३, २, १ असे आधीपासूनच कमी होत होते. मग d चा तो १ क्विंटल शेततळ्यांच्या नावावर लिहिता येणार नाही. म्हणूनच योजनेपूर्वीचे शक्य तितके हंगाम तपासावेत. दुष्काळाचा फटका बसला म्हणूनच गावे निवडली गेली असतील, तर पुढच्या वर्षीची सावरण्याची वाढही योजनेच्या खात्यात जाते, आणि माझ्या मते ही चूक सर्वांत सहज नजरेआड होते.

आधीची चाल जुळली तरी पुढची जुळेलच असे नाही. गुलाबी बोंडअळीचे वर्ष दोन्ही गटांना सारखे वाटते. पण तुलनेच्या गावांपैकी काहींत विहिरींचे पाणी असेल आणि तेथे फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी राखून पुन्हा पीक, घेतली जात असेल, तर अळीला जास्त काळ खाद्य मिळून नुकसान तेथे अधिक होईल, आणि शेततळ्यांनी काही न करताही d वाढलेला दिसेल.