'लागोम', म्हणजे 'ना कमी ना जास्त, बेताचं', हा स्वीडिश शब्द खरंच व्हायकिंगांच्या शिंगातून आला का?

"व्हायकिंग मधाच्या मद्याचं शिंग गटात फिरवत, सगळ्यांना पुरावं म्हणून प्रत्येक जण बेताचा घोट घेई. त्या 'लागेत ओम', म्हणजे 'गटाभोवती', वरून लागोम आला ना?"

नाही. 'लाग' म्हणजे गट, तसाच कायदाही. लागोम हे या दुसऱ्या 'लाग'चं जुन्या स्वीडिशमधलं अनेकवचनी विभक्तिरूप आहे: नियमांप्रमाणे, रीतीप्रमाणे. शेवटचा 'ओम' हा प्रत्यय आहे, 'भोवती' नव्हे. 'स्टुंडोम' (कधीकधी) हा शब्दही 'स्टुंड' म्हणजे क्षण यापासून असाच बनला. शिंगाची गोष्ट नंतर जुळवलेली आहे.

हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. शिंगाच्या गोष्टीत मोजकेपणा पिणाऱ्याच्या समजुतीवर सोडलेला आहे. मूळ अर्थात माप आधी ठरलेलं असतं आणि माणूस त्यात बसतो. आज कॉफी लागोम गरम असते, मीठ लागोम पडतं, तिथे कायदा कुणाच्या मनात नसतो. पण 'लागोम हेच उत्तम' ही म्हण वापरताना सगळ्यांना मान्य अशी मर्यादा गृहीत धरलेली असते.

विसाव्या शतकात स्वीडनमध्ये दारूचं माप बराच काळ फक्त समजुतीवर सोडलेलं नव्हतं. डॉक्टर इव्हान ब्रात यांच्या पद्धतीत दारू घ्यायला 'मोतबूक' नावाची पुस्तिका लागे आणि प्रत्येक खरेदीची तीत नोंद होई. 1922 च्या सार्वमतात संपूर्ण दारूबंदी थोडक्यात फेटाळली गेली, पुस्तिका मात्र 1955 पर्यंत चालली. सर्वांना सारखं माप नव्हतंच: उत्पन्न आणि प्रतिष्ठा पाहून ते ठरे, आणि विवाहित स्त्रियांना सहसा स्वतःची पुस्तिका मिळत नसे.