आमच्या घरचे आमसूल : घराची हकीकत आणि मालाची पारख

आमचे दुकान सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळ तालुक्यात आहे आणि आमच्याकडे मुख्यत्वे एकाच फळाचा माल मिळतो. ते फळ म्हणजे रातांबा, ज्याला गोव्यात भिरंड म्हणतात आणि ज्याच्या वाळवलेल्या सालीला आपण आमसूल किंवा कोकम म्हणतो. आगळ, सरबतासाठी अमृत कोकम आणि बियांचे मुठेलही आम्ही करतो. परंतु ग्राहकांचे बहुतेक प्रश्न आमसुलाविषयी असतात आणि दरात सर्वाधिक तफावतही आमसुलातच दिसते. म्हणून हे माहितीपत्रक प्रामुख्याने आमसुलाविषयी लिहिले आहे.

आमच्या घराभोवतीची जुनी झाडे कोणी मुद्दाम लावलेली नाहीत. पक्ष्यांनी टाकलेल्या बियांपासून ती बांधावर आणि ओढ्याच्या कडेने उगवली. रातांब्यात नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे असते, आणि बीपासून वाढलेले रोप कोणते निघाले हे सात-आठ वर्षांनी ते फुलल्यावरच कळते. साधारण निम्मी रोपे नर निघतात आणि त्यांना फळ धरत नाही. आजोबांच्या काळी हे नशिबावर सोडलेले असे. वडिलांनी मात्र दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने प्रसारित केलेल्या 'कोकण अमृता' या जातीची कलमे लावली. कलम मादी झाडाच्या काडीचे असल्याने फळाची खात्री असते. शिवाय या जातीची बहुतेक फळे पावसाआधी तयार होतात, आणि आमसूल करणाऱ्याच्या दृष्टीने हा गुण फळाच्या आकारापेक्षा मोठा आहे.

आजोबा आमसूल आठवडा बाजारात व्यापाऱ्यांना विकत असत. त्याच वेळी मुंबईत गिरणीत नोकरीला असलेले घरचे लोक मे महिन्यात गावी येत आणि परतताना पिशव्या भरून आमसूल नेत. त्यांच्या चाळीतील शेजारी पुढे दरवर्षी मागणी करू लागले. त्या काळी आमच्या घरात दोन प्रकारचे आमसूल होत असे, हे येथे स्पष्टपणे सांगणे आम्हाला योग्य वाटते. बाजारचे आमसूल वेगळे आणि मुंबईला जाणारे घरचे आमसूल वेगळे. व्यापारी फक्त वजन पाहून भाव देई, त्यामुळे बाजारच्या मालावर जास्त मेहनत करणे परवडत नसे. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण मार्गावर धावू लागली आणि सुट्टीत येणारी गिऱ्हाइके वाढली, त्या सुमारास वडिलांनी छोटे दुकान काढले आणि बाजारचा प्रकार बंद केला. आज दुकानात आणि ऑनलाइन जे मिळते ते घरचे आमसूल आहे. ते महाग का पडते हे समजण्यासाठी ते कसे होते ते पाहावे लागेल.

पुटांचा हिशेब

फळ पूर्ण लाल झाल्यावरच काढायचे असते. अर्धवट हिरव्या फळाची साल वाळल्यावर फिकट आणि पातळ राहते, आणि खाली पडून पिचलेले फळ आंबू लागते. काढलेली फळे त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी धुऊन, पुसून कापली जातात. फळाचे दोन भाग करून गर आणि बिया एका भांड्यात काढायच्या व साल उन्हात पसरायची. गरात मीठ घालून रस तयार केला जातो. दहा किलो गराला साधारण एक किलो मीठ असे आमच्या घरचे प्रमाण आहे. दिवसभर सुकलेली साल संध्याकाळी या रसात बुडवून ठेवतात आणि सकाळी उपसून पुन्हा उन्हात टाकतात. असे एकदा बुडवून वाळवले की एक पूट झाले.

पहिल्या दोन पुटांनंतरच साल दिसायला आमसुलासारखी दिसू लागते, आणि नेमकी येथेच सगळी फसगत होते. या अवस्थेत तिची आंबटाई वरवरची असते, ती लवकर फिकी पडते आणि पावसाळ्यात तिच्यावर बुरशीही लवकर धरते. प्रत्येक पुटाबरोबर गरातील आंबटाई आणि रंग सालीत मुरत जातो, साल जाड आणि लवचीक होते. आमच्याकडे सहा ते सात पुटे देतात. त्यासाठी सलग कडक ऊन लागते, म्हणजे एका खेपेमागे आठवडाभर घरातील दोन-तीन माणसे त्यातच गुंतलेली असतात. दहा किलो रातांब्यांतून शेवटी एक ते दीड किलो आमसूल हाती येते.

हा वेळ वाचवण्याचा सोपा मार्ग म्हणजे पुटे कमी करून मीठ वाढवणे. मीठ रातांब्यापेक्षा कितीतरी स्वस्त असते, ते वजन वाढवते आणि हवेतील ओल धरून ठेवत असल्याने माल ताजा व रसरशीतही भासतो. असे आमसूल खाण्यास अपायकारक नसते. मात्र आमटीला आंबटपणा यावा म्हणून आपण चारऐवजी आठ टाकतो आणि आमटी खारट होते. किलोचा दर कमी असूनही ते महागात पडते, असे आमचे मत आहे.

ऊन मिळाले नाही तर काय होते याचे उदाहरण १६ मे २०२१ चे आहे. त्या दिवशी तौक्ते चक्रीवादळ कोकण किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेले आणि सिंधुदुर्गात वादळी वाऱ्यासह जोरदार पाऊस झाला. आमची एक मोठी खेप तेव्हा तिसऱ्या पुटावर होती. साली ओल्या, ऊन नाही, वीजही गेलेली, म्हणून पंख्याखाली सुकवण्याचाही मार्ग उरला नाही. चुलीवरच्या मांडणीवर सुकवता आल्या असत्या, पण त्यांना धुराचा वास लागला असता आणि सोलकढीत तो लपत नाही. शेवटी सगळ्या साली पिंपांत भरून, वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतके मीठ घालून त्या खेपेचे आगळ केले. मिठामुळे सालीचा रस सुटतो आणि त्यातच टिकतो; रोज हलवून दोन आठवड्यांनी तो गाळून घेता येतो. आगळ उत्तम झाले, परंतु त्या वर्षी आमसूल दिवाळीपूर्वीच संपले आणि अनेक जुन्या ग्राहकांना आम्ही नाही म्हटले.

त्यानंतर आम्ही पारदर्शक छताचे एक लहान वाळवणघर बांधले. त्याचा उपयोग आम्ही शेवटच्या दोन पुटांपुरता आणि अवकाळी पावसाच्या दिवसांपुरताच करतो, कारण पहिल्या पुटांनाच तेथे ठेवले तर सालीचा वरचा थर पटकन सुकतो आणि आतील ओल आतच राहते. पाऊस नियमित सुरू झाल्यावर मात्र आम्ही फळे काढणे थांबवतो. त्या वेळची फळे पाणी पिऊन फुगलेली असतात, तडकतात आणि त्यांत अळी पडते. झाडावर फळ शिल्लक असताना काढणी थांबवणे जिवावर येते, हे खरे. पण त्या फळाचे आमसूल होत नाही.

घरी पारख कशी करावी

पाकीट आल्यावर एक आमसूल दोन बोटांत वाकवून पाहावे. चांगले आमसूल लवचीक असते, मोडत नाही आणि दाबल्यास बोटांना पाणी लागत नाही. रंगावरून मात्र घाईने मत बनवू नये. नवे आमसूल काळपट लाल असते आणि जसजसे महिने जातात तसतसे ते काळे पडत जाते. काळे आमसूल म्हणजे खराब आमसूल नव्हे. उलट वर्षभराचे असूनही भडक लाल दिसणाऱ्या मालाची शंका घ्यावी.

रंग मिसळल्याची शंका असल्यास आमसूल कोमट पाण्यात भिजवून ते लाल पाणी वाटीत घ्यावे आणि त्यात थोडा थोडा खाण्याचा सोडा घालावा. आमसुलातील आंबटपणामुळे प्रथम फेस येतो. फेस येणे थांबेपर्यंत सोडा घालत गेल्यास कोकमाचा नैसर्गिक लाल रंग टिकत नाही, तो निळसर किंवा हिरवट-करडा होतो. पाणी तसेच लाल राहिले तर वरून रंग घातला असण्याची शक्यता मोठी आहे. ही प्रयोगशाळेतील तपासणी नव्हे आणि तिच्यावरून रंग किती हे सांगता येत नाही. पण घरच्या घरी खात्री करण्यास ती पुरेशी आहे. आमचे पाकीट याच रीतीने तपासून पाहावे, अशी विनंती आहे.

पांढरा थर दिसला म्हणून अनेक ग्राहक फोन करतात. तो थर बोटाला खरखरीत लागत असेल आणि पाण्यात विरघळत असेल, तर ते वर आलेले मीठ आहे. तो मऊ, तंतुमय असेल, त्याला कुबट वास येत असेल, तर ती बुरशी आहे आणि ते आमसूल टाकून द्यावे, धुऊन वापरू नये. पावसाळ्यात आमसूल ओलसर होणे मिठामुळे स्वाभाविक आहे; पाऊस उघडल्यावर एक दिवस ऊन दाखवल्यास ते पूर्ववत होते. साठवण काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत करावी. ॲल्युमिनियम, तांबे किंवा कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात ठेवू नये, कारण आमसुलाचे आम्ल धातूवर परिणाम करते.

वापराबाबत थोडेच सांगण्यासारखे आहे. चार माणसांच्या आमटीला आमची तीन ते चार आमसुले पुरतात आणि ती शेवटच्या उकळीला घालावीत. आमसुलात मीठ असतेच, म्हणून पदार्थातील मीठ त्यानंतर चव पाहून घालावे. सोलकढीसाठी आठ-दहा आमसुले कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून, कुस्करून, गाळून नारळाच्या दुधात मिसळावीत आणि मिसळल्यावर ती गरम करू नये. आंबट पडलेले नारळाचे दूध तापवल्यास फुटते.

'सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी कोकम' याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ते चिन्ह छापण्यासाठी उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. आमची ती नोंदणी झालेली नसल्याने आमच्या पाकिटावर ते चिन्ह नाही. केवळ मालवणी नाव आहे म्हणून ते चिन्ह कोणी छापत असेल, तर त्याला नोंदणी क्रमांक अवश्य विचारावा.

आमच्या प्रत्येक पाकिटावर खेपेचा क्रमांक, वाळवण पूर्ण झाल्याचा महिना आणि दिलेल्या पुटांची संख्या लिहिलेली असते. ज्या खेपेला हवामानामुळे पाचच पुटे मिळाली, तिच्यावर पाच असेच लिहिले जाते आणि तिचा दर कमी लावला जातो. नवा माल जूनच्या मध्यापासून पाठवला जातो. भर पावसात पाकिटे प्रवासात ओल धरतात, म्हणून जुलैमध्ये आम्ही फक्त हवाबंद पाऊच पाठवतो आणि सुटे आमसूल गणपतीनंतरच देतो. ज्यांना गणपतीत मोदकांच्या जेवणाबरोबर सोलकढी करावयाची असेल, त्यांनी आपली मागणी जूनअखेरपर्यंत नोंदवावी.