घरच्या माणसांचा पगार हिशेबात कसा आला

सांगलीत घरी भडंग करून दुकानांना देणारं एक कुटुंब डोळ्यांसमोर आणा. महिन्याला 800 किलो माल, भाव किलोला 160 रुपये, म्हणजे विक्री 1,28,000. मुरमुरे, शेंगदाणे, तेल, गॅस, पिशव्या, वाहतूक यांवर 92,000 जातात. उरलेल्या 36,000 ना घरात सगळे नफा म्हणतात. पण मालक दिवसभर माल पोचवून उधारी वसूल करतो, त्याची बायको रोज पाच तास कढईपाशी उभी असते आणि आई तीन तास लसूण सोलून पिशव्या भरते. या श्रमांना खर्चाच्या बाजूला एकही ओळ नाही.

हा पेच जुना आहे. ॲडम स्मिथने 1776 मध्ये लहान बंदरगावातल्या किराणा दुकानदाराचा दाखला दिला होता: थोड्या भांडवलावर त्याला भरमसाट नफा होतो असं वाटतं, पण त्यातला मोठा भाग ही त्याच्या स्वतःच्या कामाची मजुरीच असते.

आपल्याकडे हा प्रश्न शेतीतून पुढे आला. पुण्याच्या गोखले संस्थेने वाई तालुक्यातल्या शेती-व्यवसायाची पाहणी 1940 मध्ये प्रसिद्ध केली. पुढे 1954-55 पासून केंद्र सरकारच्या पुढाकाराने वेगवेगळ्या राज्यांत शेतीच्या जमाखर्चाच्या पाहण्या झाल्या. घरच्या श्रमाला बाजारातली मजुरी लावली की कितीतरी लहान शेतं तोट्यात दिसू लागली, तरी लोक शेती सोडत नव्हते. अमर्त्य सेन यांनी 1962 मध्ये याचं कारण मांडलं. घरच्या माणसाला बाहेर काम मिळत नसेल, तर त्याच्या तासाची खरी किंमत बाजारातल्या मजुरीपेक्षा कमी असते. मला हा युक्तिवाद आजही पटतो, पण तो हात खरोखर रिकामे असतील तोवरच लागू पडतो.

1965 मध्ये कृषी मूल्य आयोग स्थापन झाला. आयोगाच्या आजच्या हिशेबात प्रत्यक्ष खर्च म्हणजे ‘ए2’ आणि घरच्या श्रमाचं मोल म्हणजे ‘एफएल’ या वेगळ्या पायऱ्या आहेत, तर ‘सी2’ मध्ये स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलावरचं व्याजही येतं. 2018 च्या अर्थसंकल्पात खर्चाच्या दीडपट हमीभाव जाहीर झाला, तेव्हा वाद पेटला तो दीडपट कशाची यावर. सरकारने ‘ए2 अधिक एफएल’ धरला, शेतकरी संघटनांची मागणी ‘सी2’ची होती.

उद्योगाच्या आराखड्यात गोंधळ वाढतो तो आयकरामुळे. एकट्याच्या मालकीच्या धंद्यात मालक आणि धंदा कायद्याने एकच, म्हणून मालकाचा पगार खर्चात धरला जात नाही. तो घरखर्चाला पैसे काढतो ती ‘उचल’, आणि ती नफ्यानंतर येते. भागीदारीत मात्र काम करणाऱ्या भागीदाराचा मोबदला ठरावीक मर्यादेत खर्च म्हणून मान्य होतो. ही तरतूद 1992 च्या दुरुस्तीने आली. कराचा हा नियम लोक नकळत भाव ठरवतानाही लावतात. माझ्या मते खरी चूक इथे होते.

भडंगाच्या घरात ती कशी दिसते ते बघू. मालकाऐवजी माल पोचवायला माणूस ठेवला तर समजा 15,000 लागतील. बायकोचे महिन्याचे 130 तास, तासाला 60 रुपयांनी 7,800. आईचे 78 तास, 40 रुपयांनी 3,120. एकूण 25,920, म्हणजे किलोमागे साधारण 32 रुपये. नफा 36,000 वरून 10,080 वर येतो.

आता एक मोठा दुकानदार 130 रुपये भावाने दरमहा आणखी 800 किलो मागतो. नुसत्या 92,000 वर हिशेब केला तर खर्च किलोला 115 पडतो आणि 15 रुपये सुटतात असं दिसतं. पण एवढा माल घरच्या हातांनी होणार नाही. माणसं ठेवायला लागतील, तेव्हा खर्च 147 च्या घरात जाईल आणि प्रत्येक किलोला 17 रुपये खिशातून जातील. तीच मागणी 50 किलोची असती आणि दुपारचे दोन तास मोकळे असते, तर 130 चा भाव घ्यायला हरकत नव्हती.

कर्जाचा हप्ता झेपेल का, हे बघताना आकडा बदलतो. तिथे मानलेला पगार कामाचा नाही, घर चालवायला खरोखर लागणारी उचल लागते. ती 24,000 असेल तर 36,000 मधून 12,000 उरतात, आणि 6,500 चा हप्ता त्यातून भागतो. पगार आणि उचल दोन्ही वजा केली तर तेच श्रम दोनदा मोजले जातात आणि चालणारा धंदाही बुडीत दिसतो. म्हणून आराखड्यात दोन तक्ते वेगळे हवेत: भाव ठरवायच्या तक्त्यात तिघांचे तास आणि दर, आणि हप्त्याच्या तक्त्यात फक्त उचल. आईच्या तासांची ओळ पहिल्या तक्त्यातून सहसा गळते, कारण ते तास कुणी कधी लिहूनच ठेवलेले नसतात. आठवडाभर वहीत टिपले तरी पुरतं.