तोच नफा 70 टक्के घटला आणि 36 टक्के वाढलाही: तिमाही निकालातल्या दोन तुलना

नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा हा व्यापार पानाचा सर्वांत धावपळीचा काळ. जुलै ते सप्टेंबर या तिमाहीचे निकाल 45 दिवसांत, म्हणजे 14 नोव्हेंबरपर्यंत जाहीर करणे शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना बंधनकारक असते. या दिवसांत नागपूरच्या वाचकाला एकाच कंपनीबद्दल दोन मथळे दिसू शकतात. एक म्हणतो नफा घसरला, दुसरा म्हणतो नफा वाढला. दोन्ही बातमीदारांनी एकच कागद वाचलेला असतो आणि आकडेही दोघांचे बरोबर असतात. फरक एवढाच की एकाने आकडा लगतच्या आधीच्या तिमाहीशी ताडला आणि दुसऱ्याने गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी.

या दोन तुलनांची गल्लत भाषेपासूनच सुरू होते. 'नफा वार्षिक आधारावर 20 टक्के वाढला' हे वाक्य आपल्याकडे सर्रास छापले जाते. सामान्य वाचक त्याचा अर्थ 'वर्षभराचा नफा वाढला' असा घेतो, आणि त्याचे काही चुकत नाही, कारण शब्द तेच सांगतात. 'मागील तिमाहीच्या तुलनेत' हा शब्दप्रयोगही तसाच निसरडा. मागील म्हणजे तीन महिन्यांपूर्वीची की गेल्या वर्षीची? त्यात 'दुसरी तिमाही' म्हटले की आर्थिक वर्षाची सवय नसलेल्या माणसाला एप्रिल ते जून आठवते. प्रत्यक्षात आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होत असल्याने दुसरी तिमाही जुलै ते सप्टेंबर असते. या तिन्ही अडचणींवर उपाय एकच, महिन्यांची नावे लिहायची. 'गेल्या वर्षीच्या जुलै ते सप्टेंबरपेक्षा' किंवा 'यंदाच्या एप्रिल ते जूनपेक्षा' असे लिहिले की शंका उरत नाही. मथळ्यात जागा कमी पडते हे खरे, पण मग पहिल्या वाक्यात तरी महिने आलेच पाहिजेत.

निकालाच्या तक्त्यात दोन्ही तुलनांसाठी लागणारे आकडे शेजारी शेजारी असतात. सेबीच्या नमुन्यानुसार पहिला रकाना चालू तिमाहीचा, दुसरा लगतच्या आधीच्या तिमाहीचा आणि तिसरा गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीचा. पुढे वर्षाच्या सुरुवातीपासूनचे एकत्रित आकडे आणि शेवटी गेल्या पूर्ण वर्षाचे. रकान्यांवर तारखा छापलेल्या असतात: 30.09.2025, 30.06.2025, 30.09.2024. त्यापुढे पुन्हा 30.09.2025 येते, पण ती सहा महिन्यांची बेरीज असते. घाईत तीन महिन्यांचा नफा सहा महिन्यांच्या नफ्याशी ताडला जातो आणि बातमीत भलतीच घसरण छापून येते. म्हणून आधी रकान्यावरचा 'तीन महिने' किंवा 'सहा महिने' हा उल्लेख वाचायचा, मग तारीख, मग आकडा.

आता कोणती तुलना कुठे वापरायची? नागपूरच्या परिसरात हे समजावून सांगायला खाणीसारखे उदाहरण नाही. वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि मॅंगनीज काढणारी मॉइल या दोघांची मुख्यालये नागपुरातच आहेत, आणि खुल्या खाणीतले काम पावसाळ्यात मंदावते हे इथल्या लोकांना वेगळे सांगावे लागत नाही. खड्ड्यात पाणी साचते, ते उपसण्यात वेळ जातो. चिखलामुळे डंपरच्या फेऱ्या कमी होतात. खनिजावरचा माती-दगडाचा थर हटवण्याचे काम रेंगाळते.

एक काल्पनिक कंपनी घेऊ, जिच्या सगळ्या खाणी खुल्या आहेत. तिने जुलै ते सप्टेंबर 2025 मध्ये 300 कोटी रुपयांची विक्री केली. पगार, यंत्रांचा घसारा, कर्जाचे व्याज असा काही झाले तरी होणारा खर्च 180 कोटी. डिझेल, स्फोटके, वाहतूक, रॉयल्टी असा कामाच्या प्रमाणात होणारा खर्च विक्रीच्या 30 टक्के, म्हणजे 90 कोटी. करापूर्वीचा नफा उरला 30 कोटी. त्याआधीच्या एप्रिल ते जूनमध्ये विक्री 400 कोटी होती. ठरलेला खर्च तेवढाच 180 कोटी, कामाच्या प्रमाणातला 120 कोटी, नफा 100 कोटी. गेल्या वर्षीच्या जुलै ते सप्टेंबरमध्ये विक्री 260 कोटी, ठरलेला खर्च 160 कोटी, बदलता 78 कोटी आणि नफा 22 कोटी.

लगतच्या तिमाहीशी ताडले तर विक्री 25 टक्के घटली आणि नफा तब्बल 70 टक्के. गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी ताडले तर विक्री 15 टक्क्यांहून थोडी अधिक वाढली आणि नफा 36 टक्के. विक्री पाव भाग घटल्यावर नफा एवढा का कोसळला, हे बातमीत एका वाक्यात सांगता येते आणि सांगावेच: खाण पाण्याखाली असली तरी पगार आणि व्याज थांबत नाही. हे वाक्य नसेल तर वाचक कंपनीत काहीतरी घोटाळा झाला असे समजतो.

अशा हंगामी धंद्यात गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी केलेली तुलना मुख्य मानावी, कारण पाऊस दोन्ही बाजूंना असतो. पण म्हणून 36 टक्के वाढीचा मथळा देऊन मोकळे होऊ नये. गेल्या वर्षीचा आकडाच पडलेला असेल तर वाढ फुगून दिसते. कंपनीचा 2024 च्या सप्टेंबर तिमाहीचा निकाल काढला की त्यात 2023 च्या त्याच तिमाहीचा रकाना मिळतो. समजा तिथे नफा 32 कोटी दिसला. म्हणजे 32 वरून 22 आणि मग 30. मग ही वाढ नव्हेच, झालेल्या नुकसानीची बहुतांश भरपाई आहे. बातमीही तशीच लिहायला हवी: 'नफा गेल्या वर्षीपेक्षा 36 टक्क्यांनी जास्त, तरी दोन वर्षांपूर्वीच्या पातळीखालीच.' या सापळ्याचे सर्वांत मोठे उदाहरण देशाने पाहिले आहे. एप्रिल ते जून 2020 मध्ये टाळेबंदीमुळे अर्थव्यवस्था सुमारे 24 टक्क्यांनी आकसली. पुढच्या वर्षीच्या त्याच तिमाहीत ती 20.1 टक्क्यांनी वाढल्याचे जाहीर झाले. 100 चे 76 झाले आणि 76 चे 91. वाढीचा आकडा मोठा होता, तरी 100 गाठायचे बाकीच होते.

त्याच जुन्या निकालातून आणखी एक उपयोगी गोष्ट मिळते, ती म्हणजे पावसाळ्यातली नेहमीची घट. गेल्या वर्षी या कंपनीचा नफा एप्रिल ते जूनमधल्या 88 कोटींवरून 22 कोटींवर, म्हणजे 75 टक्क्यांनी घसरला असेल, तर यंदाची 70 टक्के घट नेहमीचीच, उलट किंचित बरी. यंदा 90 टक्के झाली असती तर मात्र पावसाखेरीज दुसरे कारण शोधावे लागले असते. सोबत विक्रीचे टनही पाहावेत. टन तेवढेच आणि रुपये जास्त असतील तर भाव चढला आहे, खाणीने अधिक काम केलेले नाही.

लगतच्या तिमाहीची तुलना निरुपयोगी आहे असे मात्र मुळीच नाही. अलीकडे वळलेली गोष्ट आधी तिथेच दिसते. समजा खनिजाचा सरासरी भाव गेल्या वर्षी जुलै ते सप्टेंबरमध्ये टनाला 10,000 रुपये होता, यंदा एप्रिल ते जूनमध्ये 14,000 आणि आता 12,000 आहे. वर्षाच्या तुलनेत 20 टक्के वाढ दिसते, पण भाव तर तीन महिन्यांत 14 टक्क्यांनी उतरला आहे. फक्त पहिला आकडा छापणारी बातमी भाव पडायला लागल्यानंतरही वाचकाला तेजीच सांगत राहते. मिहानमध्ये कार्यालये असलेल्या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या बाबतीतही विश्लेषक लगतच्या तिमाहीकडे बारकाईने पाहतात, कारण तिथे पावसाळा आडवा येत नाही आणि मागणी थंडावली तर ती आधी याच तुलनेत कळते. बँकेच्या थकीत कर्जाचा आकडा तर एका दिवसाची शिल्लक असतो. 30 जूनला किती होते आणि 30 सप्टेंबरला किती, हेच तिथे आधी सांगायचे.

जानेवारी ते मार्च या तिमाहीत मात्र ही तुलना जपून वापरावी. तिचा आकडा पूर्ण वर्षाच्या लेखापरीक्षित आकड्यातून आधी जाहीर झालेले नऊ महिन्यांचे आकडे वजा करून काढलेला असतो. वर्षअखेरीस तपासणीत निघालेल्या दुरुस्त्या त्यामुळे याच तीन महिन्यांवर पडतात. निकालाखालच्या टिपांमध्ये तसे लिहिलेले असते. त्या टिपांत गेल्या वर्षीचे आकडे नव्याने मांडल्याचाही उल्लेख असू शकतो, एखादी कंपनी विलीन झाली किंवा विभाग विकला की असे होते. म्हणून गेल्या वर्षीचा आकडा आपल्याच जुन्या बातमीतून उचलू नये, नव्या तक्त्यातून घ्यावा. दोन्हींत फरक दिसला तर कारण टिपेत शोधावे.

गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी केलेली तुलनाही आपल्या पंचांगामुळे फसू शकते. गुढीपाडवा 2024 मध्ये 9 एप्रिलला होता आणि 2025 मध्ये 30 मार्चला. दागिन्यांची दुकाने चालवणाऱ्या कंपनीची पाडव्याची विक्री गल्ल्यावर त्याच दिवशी नोंदते. त्यामुळे जानेवारी ते मार्च 2025 मध्ये एक पाडवा आला, तर 2024 च्या त्या महिन्यांत एकही नव्हता. मार्चचा निकाल उगाच चांगला दिसतो आणि जूनचा उगाच वाईट. दुचाकी बनवणाऱ्या कंपनीला हा फरक कमी जाणवतो, कारण तिची विक्री विक्रेत्याकडे गाडी रवाना झाली की नोंदते आणि पाडव्याचा माल दोन्ही वर्षी मार्चमध्येच निघालेला असू शकतो. सराफी कंपनीसाठी जूनचा निकाल आल्यावर जानेवारी ते जून या सहा महिन्यांची बेरीज करून ती गेल्या वर्षीच्या त्याच सहा महिन्यांशी ताडावी. दोन्हीकडे एकेक पाडवा येतो, आणि अक्षय तृतीयाही येते.