मुख्य घटक विश्लेषण : सर्वेक्षणातील चले कमी करणे आणि किती घटक ठेवायचे ते ठरवणे

मुख्य घटक विश्लेषण ही एकमेकांशी सहसंबंध असलेल्या अनेक चलांमधली माहिती थोड्या नव्या चलांत गोळा करण्याची संख्याशास्त्रीय रीत आहे. कार्ल पिअर्सन यांनी १९०१ साली ती भूमितीच्या अंगाने मांडली आणि हॅरल्ड होटेलिंग यांनी १९३३ मध्ये तिला आजचे रूप दिले. प्रत्येक घटक म्हणजे मूळ चलांची भारित बेरीज असते. पहिला घटक माहितीतले जास्तीत जास्त प्रचरण (व्हेरिअन्स) टिपतो. उरलेल्यातले जास्तीत जास्त दुसरा टिपतो, मात्र त्याचा पहिल्याशी सहसंबंध शून्य असतो. हाच क्रम पुढे चालतो. प्रत्येक घटकाच्या वाट्याला आलेल्या प्रचरणाला त्याचे आयगेनमूल्य म्हणतात. दहा चलांमधून दहा घटक निघतात, त्यामुळे नुसत्या गणिताने काहीच कमी होत नाही. कपात होते ती त्यांतले किती ठेवायचे या निर्णयाने, आणि चुकाही बहुतेक तिथेच होतात.

गोव्यातील एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पेडणे, डिचोली आणि सत्तरी तालुक्यांतल्या २०० घरांना दहा प्रश्न विचारले आहेत. फ्रीज, वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर, एसी आणि चारचाकी या पाच वस्तू घरात आहेत का, हा पहिला गट. सुपारी-नारळाची बाग म्हणजेच कुळागर, भातशेती आणि गुरे आहेत का, हा दुसरा. शेवटचे दोन प्रश्न असे: घरातले कोणी आखातात किंवा बोटीवर नोकरीला आहे का, आणि घरातली खोली पर्यटकांना भाड्याने दिली जाते का.

सर्व उत्तरे हो-नाही स्वरूपाची असली तरी सहप्रचरणाऐवजी सहसंबंधांच्या सारणीवर काम करणे बरे. त्यात प्रत्येक चलाचे प्रचरण १ होते, म्हणून सर्व आयगेनमूल्यांची बेरीज बरोबर १० येते. महिन्याचे वीजबिल रुपयांत घेऊन या यादीत तसेच मिसळले, तर मोठ्या आकड्यांच्या जोरावर पहिला घटक जवळपास वीजबिलच होऊन बसतो.

हिशोब सोपा राहावा म्हणून समजू की वस्तूंमधला आपसातला सहसंबंध ०.५ आहे, शेतीच्या तीन प्रश्नांमधला ०.४, शेवटच्या दोन प्रश्नांमधला ०.१२, आणि गटागटांमधला शून्य. मग आयगेनमूल्ये ३.०, १.८, १.१२, ०.८८, त्यानंतर दोनदा ०.६ आणि चारदा ०.५ अशी येतात. पहिला घटक ३० टक्के प्रचरण टिपतो, दुसरा १८ टक्के आणि तिसरा ११.२ टक्के.

सर्वांत प्रचलित नियम हेन्री कैसर यांचा, १९६० सालचा: आयगेनमूल्य १ पेक्षा जास्त असेल तो घटक ठेवा. एका चलाइतकेही प्रचरण जो घटक टिपत नाही तो कशाला ठेवायचा, हा त्यामागचा विचार. त्यानुसार इथे तीन घटक राहतात. दुसरी सवय म्हणजे एकूण प्रचरणाचे ८० टक्के भरेपर्यंत घटक घेत जाणे. आपल्या उदाहरणात ८० टक्के गाठायला सहा घटक लागतात. दहा चलांच्या जागी सहा आले, तर कपात फारशी झालीच नाही. माणसांच्या उत्तरांत वैयक्तिक फरक आणि नोंदीतल्या चुका खूप असतात, म्हणून प्रयोगशाळेतल्या मोजमापांना शोभणारी ही टक्केवारी घरोघरच्या सर्वेक्षणावर लादू नये.

रेमंड कॅटेल यांनी १९६६ मध्ये आयगेनमूल्यांचा आलेख काढून त्याचा कोपर शोधायला सांगितले. तीव्र उतार संपून रेषा जिथे सपाट होऊ लागते, तिथवरचे घटक ठेवायचे. आपल्या आलेखात ती दुसऱ्या घटकानंतर सपाट होते की तिसऱ्यानंतर, यावर दोन जाणत्यांचे दुमत होऊ शकते.

वाद सोडवणारी कसोटी जॉन हॉर्न यांनी १९६५ सालीच दिली होती: समांतर विश्लेषण. आपल्याइतक्याच ओळी आणि स्तंभ असलेली, पण कोणताही खरा संबंध नसलेली माहिती शेकडो वेळा तयार करायची, दरवेळी आयगेनमूल्ये काढायची आणि आपली मूल्ये त्यांच्याशी ताडून पाहायची. निव्वळ योगायोगानेही २०० घरांच्या नमुन्यात काही स्तंभ एकमेकांशी थोडे जुळतात, आणि दहापैकी चार-पाच आयगेनमूल्ये १ च्या वर जातात. कैसरच्या नियमाची उणीव ती हीच: त्यामागचा विचार संपूर्ण लोकसंख्येला लागू आहे, नमुन्यातल्या योगायोगाचा त्यात हिशोब नाही. घरांच्या उत्तरांची सारणी x धरली, तर R या संगणक भाषेत समांतर विश्लेषण असे करता येते:

```r
psych::fa.parallel(x, fa = "pc", n.iter = 500, quant = .95)
```

दहा चले आणि २०० घरे असताना योगायोगातून मिळणाऱ्या पहिल्या तीन आयगेनमूल्यांच्या ९५व्या शतमकाच्या मर्यादा साधारण १.५, १.३ आणि १.२ येतात. आपले ३.० आणि १.८ या मर्यादांच्या बरेच वर आहेत, तर १.१२ खाली राहते. म्हणून दोनच घटक ठेवावेत. उत्तरे हो-नाही असल्याने कृत्रिम आकडे घेण्यापेक्षा आपल्याच सारणीचा प्रत्येक स्तंभ स्वतंत्रपणे पिसून घेणे अधिक चांगले. त्यात ‘हो’ म्हणणाऱ्यांचे प्रमाण जसेच्या तसे राहते आणि संबंध तेवढे तुटतात.

तिसऱ्या घटकाचा मोह मात्र सहज सुटत नाही. प्रश्नाचा घटकाशी असलेला सहसंबंध म्हणजे त्याचा भार, आणि या घटकावर बोटीवरची नोकरी आणि भाड्याची खोली या दोन्ही प्रश्नांचा भार ०.७५ येतो. वस्तूंचा पहिल्या घटकावरचा भारही ०.७७ च आहे. ‘बाहेरून येणारा पैसा’ असे नाव सुचते आणि गोव्यात ते पटतेही. पण दोनच चलांचा घटक असला की सहसंबंध नाममात्र असूनही भार मोठाच दिसतो. इथे तो सहसंबंध अवघा ०.१२ आहे, आणि २०० घरांच्या नमुन्यात सुमारे ०.०७ ची प्रमाण त्रुटी धरली तर तो शून्यापासून खात्रीने वेगळा म्हणता येत नाही. घटकाला नाव देण्याआधी मूळ सहसंबंध पाहावेत. घरांचे यादृच्छिक दोन भाग करून दोन्हींवर विश्लेषण केले, तर असा घटक बहुधा एका भागात दिसतो आणि दुसऱ्यात विरघळतो. ते दोन प्रश्न महत्त्वाचे असतील तर त्यांना स्वतंत्र चले म्हणूनच ठेवावे.

किती घटक ठेवायचे हे कामावरही ठरते. डिऑन फिल्मर आणि लँट प्रिचेट यांनी २००१ मध्ये भारताच्या १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणावरून घरांचा संपत्ती निर्देशांक काढला. त्यांना घरांची एकच क्रमवारी हवी होती, म्हणून त्यांनी फक्त पहिला घटक घेतला. तीच रीत आपल्या उदाहरणाला लावली तर कुळागराचा भार शून्य येतो. सुपारी, नारळ, केळी आणि मिरवेली असलेले सत्तरीतले भरलेले कुळागर बाळगणारे, पण एसी आणि चारचाकी नसलेले घर तळाशी जाते. खऱ्या माहितीत कुळागर आणि एसी यांचा सहसंबंध उणे निघाला, तर पहिल्या घटकावर कुळागराचा भारही उणे येऊ शकतो आणि जमीन असणे हीच गरिबीची खूण ठरते. अशा ठिकाणी दुसरा घटक वेगळा निर्देशांक म्हणून ठेवावा. दोन्हींची सरळ बेरीज करू नये, कारण घटकाचे चिन्ह स्वैर असते: संगणक एकदा ‘जास्त शेती’ अधिक दाखवेल आणि पुढच्या वेळी उणे. गुण वापरण्यापूर्वी भारांची चिन्हे पाहून दिशा ठरवून घ्यावी लागते.